हैदराबादच्या पगारातला पीएफ : म्हातारपणाचा पाया पहिल्या दहा वर्षांतच खचतो

पीएफ बरा की शेअर बाजारातली एसआयपी बरी, हा वाद आता देगलूर, बिलोली, धर्माबाद, मुखेड, उदगीरच्या पोरांमध्येही रंगतो. ही पोरं पटानचेरू, पाशमैलारम, जीडिमेटला इथल्या औषध कारखान्यांत, नाहीतर हायटेक सिटीच्या ऑफिसांत नोकरीला आहेत. मोबाईलवर रोज कुणीतरी सांगत असतं, "पीएफमध्ये पैसा सडतो, काढा आणि बाजारात लावा." घरचे वडीलधारे म्हणतात, "सरकारी आहे, राहू द्या." दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे. पण खरी गळती जिथं आहे, तिकडं दोघांचंही लक्ष नाही.

ही गळती केवढी, ते गेल्या ऑक्टोबरमध्ये सरकारनंच सांगितलं. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या, केंद्रीय विश्वस्त मंडळानं १३ ऑक्टोबर २०२५ रोजी पैसे काढण्याचे नियम बदलायचा निर्णय घेतला. त्यावर ओरड झाली तेव्हा खुलासा आला, की अंतिम हिशेब होतो त्या वेळी निम्म्या सदस्यांच्या खात्यात २० हजारांपेक्षाही कमी रक्कम असते. आयुष्यभर पगारातून कपात झाली आणि शेवटी हाती एका महिन्याच्या पगाराइतकेच पैसे. व्याजदर कमी पडला म्हणून असं होत नाही. प्रत्येक नोकरी सोडताना खातं रिकामं केलं जातं, म्हणून होतं.

३,६०० रुपये जातात कुठं?

आधी कपात कशी होते ते नीट पाहू, कारण स्लिपवर एकच आकडा दिसतो आणि बाकीचे लपलेले असतात.

समजा, देगलूर तालुक्यातला एक पोरगा २५ व्या वर्षी पाशमैलारमच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार. त्याच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. तेवढेच १,८०० मालकाला घालावे लागतात. स्लिपवर कामगाराला फक्त पहिले १,८०० दिसतात आणि त्याचाच राग येतो.

त्याचे स्वतःचे १,८०० सगळेच्या सगळे पीएफ खात्यात जातात. मालकाच्या १,८०० चे मात्र दोन वाटे होतात. ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. ही १९९५ ची योजना, म्हणून लोक तिला ईपीएस-९५ म्हणतात. उरलेले ५५० पीएफ खात्यात येतात. म्हणजे पीएफला महिन्याला २,३५० आणि पेन्शनला १,२५०. पीएफच्या रकमेवर दरवर्षी जाहीर होणारं व्याज मिळतं. पेन्शनच्या रकमेवर खात्यात व्याज दिसत नाही, कारण ती रक्कम तुमच्या नावावर साठत नाही. तिच्या बदल्यात तुमच्या नावावर नोकरीची वर्षं साठतात. हा फरक ध्यानात राहिला की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली दहा वर्षं काढली तर

आता हिशेब करू. सोपं जावं म्हणून पगार शेवटपर्यंत १५ हजारच धरू आणि व्याज ८.२५ टक्के. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना हाच दर होता. हा दर कायमचा नाही. नव्वदच्या दशकात तो १२ टक्के होता, २०२१-२२ ला ८.१० पर्यंत उतरला. पण अंदाजासाठी चालेल.

या पोरानं २५ ते ५८ अशी ३३ वर्षं खात्याला हात लावला नाही, तर पीएफ खात्यात साधारण ४५ लाख होतात. त्यात दोघांनी मिळून घातलेली रक्कम फक्त ९ लाख ३० हजार. बाकी सगळं व्याज आणि व्याजावरचं व्याज.

आता आपल्याकडं प्रत्यक्षात जे घडतं ते बघू. तिसऱ्या वर्षी गुत्तेदार बदलला. पोरानं पीएफ काढला, ९५ हजार मिळाले. सहाव्या वर्षी परत तेच, परत ९५ हजार. दहाव्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं, चार वर्षांचे १ लाख ३२ हजार काढले. दहा वर्षांत एकूण ३ लाख २२ हजारांच्या आसपास हाती आले. त्यानंतर तो शहाणा झाला आणि पुढची २३ वर्षं पैशाला हात लावला नाही. मग ५८ व्या वर्षी त्याला किती मिळतील? साधारण १८ लाख ४० हजार.

४५ लाखांच्या जागी १८ लाख ४० हजार. म्हणजे पहिल्या दहा वर्षांची जी कपात "किरकोळ" म्हणून काढून घेतली, ती राहिली असती तर तिचेच साडेसव्वीस लाख झाले असते. नंतरच्या २३ वर्षांच्या कपातीपेक्षा जास्त. पेरणीच्या वेळी बियाणं खाल्लं की खळ्यावर काय होतं, ते आपल्या भागात कुणाला शिकवायला नको.

कुणी म्हणेल, लग्नाला पैसे लागलेच ना, सावकाराकडं जायचं का? प्रश्न रास्त आहे. लग्न, आजारपण, घर यासाठी नोकरीत असतानाच अंशतः रक्कम काढता येते, तीही परत न फेडता. तीन-चार टक्के महिन्याच्या सावकारी व्याजापेक्षा हे केव्हाही परवडतं. अडचण त्या पैशांची आहे, जे गरज नसताना केवळ नोकरी बदलली म्हणून काढले जातात. वरच्या हिशेबातली पहिली दोन उचल तशी आहे.

पेन्शनची वर्षंही जातात

पीएफ काढताना बहुतेक जण दोन फॉर्म एकदम भरतात. फॉर्म १९ पीएफसाठी आणि फॉर्म १०-सी पेन्शनसाठी. दुसऱ्या फॉर्मवर मिळणारी रक्कम छोटी असते. तीन वर्षांच्या नोकरीवर साधारण तीन महिन्यांचा पगार. पण त्या रकमेच्या बदल्यात तीन वर्षांची नोकरी पुसली जाते.

पेन्शनचं सूत्र सरळ आहे. पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार आहे. आपल्या पोरानं ३३ वर्षं अखंड ठेवली, तर ५८ व्या वर्षी निवृत्त होताना दोन वर्षं वाढवून मिळतात. १५ हजार गुणिले ३५, भागिले ७०, म्हणजे महिना ७,५००. पहिली दहा वर्षं काढून घेतली तर उरतात २३ अधिक २, म्हणजे २५. पेन्शन होते ५,३५७. दरमहा २,१४३ रुपयांचा खड्डा, तोही मरेपर्यंत. त्याच्यामागं बायकोला निम्मी पेन्शन मिळते, म्हणजे खड्डा तिच्या वाट्यालाही निम्मा येतो.

याहून वाईट गत त्यांची होते, ज्यांची मिळून दहा वर्षंच भरत नाहीत. दहा वर्षांच्या आत पेन्शनचा हक्कच लागत नाही. सात वर्षं हैदराबादला, मग गावी परत, मग पुण्याला चार वर्षं, असं आपल्या भागात सर्रास चालतं. सात आणि चार मिळून अकरा होतात, पण मधे सात वर्षांचा फॉर्म १०-सी भरून पैसे घेतले असतील तर हिशेबात चारच उरतात. त्याच फॉर्म १०-सी वर दुसरा पर्याय असतो, योजना प्रमाणपत्राचा. पैसे न घेता झालेल्या वर्षांचा दाखला घ्यायचा आणि पुढच्या नोकरीत जोडायचा. हा पर्याय गुत्तेदाराचा मुनीम सांगत नाही, कारण त्याला विचारणारंच कुणी नसतं.

मग बाजाराचं काय?

बाजाराची बाजू कच्ची नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. तेच महिना २,३५० रुपये ३३ वर्षं बाजारात लावले आणि सरासरी १० टक्के मिळाले, तर ७२ लाखांच्या पुढं जातात. एजंट सांगतात तसे १२ टक्के मिळाले तर १ कोटी १८ लाख. पीएफच्या ४५ लाखांपुढं हे आकडे मोठेच आहेत. लांबच्या मुदतीत शेअर बाजारानं मुदत ठेवीपेक्षा जास्त दिलं आहे, हेही खरं.

पण या तुलनेत तीन गोष्टी सुटतात.

पहिली, मालकाचे १,८०० रुपये एसआयपीत येत नाहीत. बेसिक १५ हजारांपर्यंत असेल तर पीएफ सक्तीचा आहे, निवड करायला जागाच नाही. त्यामुळं "पीएफ की एसआयपी" हा प्रश्न या पगाराच्या माणसाला लागूच होत नाही. त्याच्यापुढचा खरा प्रश्न एवढाच, की पीएफ ठेवायचा की नोकरी बदलताना काढायचा. आणि काढलेले ९५ हजार तो खरंच बाजारात लावून ३० वर्षं विसरणार आहे का? लावले तर त्याचं नुकसान होणार नाही, कदाचित फायदाच होईल. पण आपल्याकडं ते पैसे बोअरवेल, मोटारसायकल, लग्न आणि पत्र्याच्या शेडमध्ये जातात. म्युच्युअल फंडाचे पैसे तीन-चार दिवसांत हातात येतात, ही त्याची सोय आहे आणि हीच त्याची खोट आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. सरासरी ही ३३ वर्षांची असते, निवृत्तीची तारीख मात्र एकच असते. सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ ला २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. दोघं सोबती, एक जानेवारी २००८ ला निवृत्त झाला आणि दुसरा चौदा महिन्यांनी. दोघांचा सगळा पैसा शेअरमध्ये असता, तर दुसऱ्याच्या हाती पहिल्याच्या जेमतेम चाळीस टक्के आले असते. २०१० च्या दिवाळीत बाजार परत २१ हजारांवर गेला, आणि पडत्या काळात हप्ते चालू ठेवणाऱ्या तरुणांना तर तो काळ फळला. पण ज्याला त्या मार्चमध्ये घर चालवायला पैसे काढायचे होते, त्याला या दिवाळीचा उपयोग नव्हता. त्याच २००८-०९ वर्षाला पीएफनं साडेआठ टक्के व्याज दिलं.

हैदराबादनं याचा एक जास्त कडू नमुना पाहिला आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी हिशेबातला घोटाळा कबूल केला. आदल्या दिवशी १७९ रुपयांवर असलेला शेअर त्या संध्याकाळी ४० च्या खाली बंद झाला. ज्या कर्मचाऱ्यांनी आपल्याच कंपनीचे शेअर म्हातारपणाची पुंजी म्हणून धरून ठेवले होते, त्यांची नोकरी आणि पुंजी एकाच दिवशी हलली. पीएफ कंपनीच्या शेअरवर चालत नाही. कंपनी बुडाली तरी खात्यात जमा झालेली रक्कम बुडत नाही. एका कंपनीचा शेअर आणि पूर्ण बाजाराचा फंड यांत फरक आहे, हे मान्य. पण जिथून पगार येतो तिथंच बचतही ठेवू नये, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट मरणाची, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पाशमैलारमच्याच सिगाची इंडस्ट्रीजमध्ये ३० जून २०२५ ला स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगार गेले. त्यांत पोट भरायला दुसऱ्या राज्यांतून आलेले बरेच होते. अशा वेळी कामगाराची एसआयपी दोन वर्षांची असेल तर घरच्यांना दोन वर्षांचे हप्ते मिळतात. पीएफच्या सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर पेन्शनमध्ये एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बायकोला पेन्शन लागते, दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी. शिवाय त्याच्याशी जोडलेल्या विम्याचे, ईडीएलआयचे, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतात. या विम्यासाठी पगारातून एक रुपयाही कापत नाहीत, तो मालकानं भरायचा असतो. बाजारातल्या कुठल्याही फंडात हे नाही.

आणि एक गमतीची बाब. पीएफ बाजारापासून पूर्ण लांब आहे, असंही नाही. ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफओ नव्यानं येणाऱ्या पैशाचा काही हिस्सा निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांत, म्हणजे ईटीएफमध्ये लावतो. तो ५ टक्क्यांपासून सुरू झाला आणि पुढं १५ टक्क्यांवर गेला. म्हणजे आपल्या ऑपरेटरच्या पैशातला थोडा वाटा बाजारात आहेच. फरक इतकाच, की बाजार पडला तर तो धक्का एकट्याला बसत नाही, कोट्यवधी सदस्यांत आणि अनेक वर्षांत वाटला जातो.

पाया आहे, घर नाही

मग पीएफवर निवांत बसावं का? नाही. पीएफची मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर ३३ वर्षांनंतरच्या ४५ लाखांची किंमत आजच्या ९ लाखांएवढी. महिना ७,५०० पेन्शनची किंमत आजच्या १,५०० एवढी. ईपीएस पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. सुरू झाली ती तशीच राहते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली, आणि तीच वाढवा म्हणून ईपीएस-९५ चे म्हातारे पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत. त्यांच्याकडं पाहिलं की नुसत्या पेन्शनवर म्हातारपण निघत नाही, हे कळतं. अर्थात ३३ वर्षं पगार १५ हजारच राहणार नाही. तो वाढला, पूर्ण बेसिकवर कपात होत राहिली, तर पीएफची रक्कमही वाढेल. तरीही तेवढ्यानं भागत नाही.

बाजाराची जागा इथं आहे, पीएफच्या वर. दरवर्षी पगारवाढ होते, तेव्हा वाढलेल्या रकमेतले पाचशे-हजार रुपये साध्या निर्देशांक फंडात किंवा एनपीएसमध्ये लावले, तर महागाईला तोंड देण्याचं काम तो पैसा करतो. मग मार्च २००९ सारखा काळ आला, तरी पीएफवर आणि पेन्शनवर दोन-तीन वर्षं काढता येतात आणि पडत्या भावात फंड मोडावा लागत नाही. पाया पक्का असला तरच वरच्या मजल्याला उंची देता येते.

हायटेक सिटीतल्या पोरापोरींचं गणित थोडं वेगळं आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर ज्यांची पहिलीच नोकरी १५ हजारांहून जास्त बेसिकवर लागली, ते पेन्शन योजनेचे सदस्य होत नाहीत. मालकाचे पूर्ण १२ टक्के त्यांच्या पीएफमध्येच जातात. पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसतो. काहींना वाटतं कंपनीनं पैसे खाल्ले. तसं नाही. पण त्याचा अर्थ असा, की त्यांना ईपीएसची पेन्शन नाही. त्यांनी एनपीएसचा विचार जास्त गांभीर्यानं करायला हवा, कारण त्यातला काही हिस्सा शेवटी पेन्शनसाठीच ठेवावा लागतो. काही कंपन्या पीएफ फक्त १,८०० वर थांबवायचा पर्याय देतात आणि हातात जास्त पगार येतो. वाढलेली रक्कम त्याच तारखेला आपोआप गुंतवणुकीत जात असेल तरच हा पर्याय घ्यावा. नाहीतर ती भाड्यात आणि हप्त्यांत कधी विरघळली ते कळत नाही.

नव्या नियमानं काय होईल?

ऑक्टोबरच्या निर्णयाचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांच्या उलट ओढतात. नोकरी गेल्यावर पूर्ण पीएफ काढायला आधी दोन महिने थांबावं लागे, ते आता बारा महिने. पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिने. आणि खात्यात निदान २५ टक्के रक्कम राहिलीच पाहिजे. दुसरीकडं, उरलेले ७५ टक्के काढणं सोपं केलं. आधीच्या तेरा तरतुदींचे तीन गट केले आणि किमान नोकरीची अट बारा महिन्यांवर आणली.

पेन्शनचे छत्तीस महिने ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. एवढ्या काळात बहुतेकांना दुसरी नोकरी लागते आणि जुनी वर्षं वाचतात. पण २५ टक्क्यांच्या कुलपावर फार विसंबू नका. वरचाच हिशेब परत करून पाहा. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या वर्षी ७५ टक्के काढले आणि २५ टक्के ठेवले, तर दहाव्या वर्षी खात्यात सुमारे ४४ हजार उरतात. त्यांचे ५८ व्या वर्षी होतात २ लाख ७० हजार. न काढता राहिले असते तर साडेसव्वीस लाख. म्हणजे कुलूप आहे, पण भरलेली कोठी बाहेरच राहिली.

पासबुकात काय पाहायचं

पाया खचण्याचं दुसरं कारण कामगाराच्या हातात नसतं. कपात होते पण भरणा होत नाही. एका महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. ती आली का, हे स्लिपवरून कळत नाही, पासबुकावरून कळतं. यूएएन क्रमांक मोबाईलला जोडलेला असेल तर त्याच मोबाईलवरून `EPFOHO UAN MAR` असा मेसेज 7738299899 वर पाठवा, शिल्लक आणि शेवटची भरणा मराठीत येते. तपशील `passbook.epfindia.gov.in` वर दिसतो. दोन महिने ओळीनं कोरे दिसले, तर गुत्तेदाराला विचारून थांबू नका. गुत्तेदारानं भरलं नाही तर मूळ कंपनी जबाबदार असते, तिच्या एचआरला लेखी द्या. तरी हललं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाका, किंवा बरकतपुऱ्याच्या भविष्यनिधी भवनात जा. स्लिपच्या प्रती जपून ठेवा, कपात झाल्याचा पुरावा तोच आहे.

बेसिक किती दाखवलं आहे, तेही पाहा. एकूण पगार २० हजार आणि बेसिक ७ हजार, अशा स्लिपा कमी नाहीत. तिथं पीएफ कापतात ८४० आणि मालकाचेही ८४०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. म्हणजे या कामगाराचं वेतन निदान १० हजार धरलं जाईल आणि कपात १,२०० होईल. हातात ३६० रुपये कमी येतील म्हणून कुरकुर होणार. पण मालकाचेही ३६० वाढतील, आणि पेन्शन ७ हजारांऐवजी १० हजारांवर मोजली जाईल.

नोकरी बदलताना एवढंच करा. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. दोन यूएएन झाले असतील तर जुन्यातली रक्कम फॉर्म १३ नं नव्यात वळवून घ्या. आधारशी जोडलेलं खातं असेल तर हे बहुतेक वेळा मोबाईलवरच होतं, जुन्या मालकाच्या सहीसाठी फेऱ्या माराव्या लागत नाहीत. आधार, पॅन आणि पासबुक या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, तेही आताच पाहा. "गणपतराव" आणि "गणपती" एवढ्या फरकावर दावे अडकतात आणि म्हातारपणी ते दुरुस्त करायला जुना गुत्तेदार सापडत नाही. वारसाचं नाव भरलेलं नसेल तर भरा. लग्न झाल्यावर आधीचं वारस-नाव रद्द समजलं जातं, म्हणून ते परत भरावं लागतं.

बाजारात पैसा लावायचा की नाही, हा नंतरचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाच्या पगारावर ठरेल. हैदराबादला पहिल्या नोकरीत असलेल्या पंचविशीतल्या पोरासाठी आजचा प्रश्न साधा आहे. गुत्तेदार बदलेल तेव्हा मुनीम दोन फॉर्म पुढं सरकवेल, "सही करा, महिनाभरात पैसे खात्यात." त्या सहीची किंमत साडेसव्वीस लाखांपर्यंत जाऊ शकते. सही करण्याआधी पासबुक उघडून एकदा पाहावं.